माळरानावरचा लांडगा: लेव्हल आणि शत्रूंच्या बळाचा मेळ घालतानाच्या प्रकल्प नोंदी

2 जून 2025, छत्रपती संभाजीनगर

आमच्या भूमिकाखेळाचे पहिले दोन प्रदेश, म्हणजे पैठणचा गोदाकाठ आणि बालाघाटाचे माळरान, आता सलग खेळता येतात. पुढे औसा आणि परांडा हे भुईकोट किल्ले आणि त्यानंतर देवगिरी असा प्रवास ठरलेला आहे. आम्ही तिघे आहोत: एक सहकारी कोड सांभाळतो, एक मैत्रीण चित्रे काढते आणि आकड्यांचा सगळा भाग माझ्याकडे आहे. एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण किती मिळावेत, लेव्हल कधी वाढावी आणि शत्रू किती बळकट असावा, हे सारे एका स्प्रेडशीटमध्ये मी गेल्या दिवाळीपासून बसवत आले आहे. त्या स्प्रेडशीटवर माझा विश्वास होता, म्हणून आजची तक्रार मनाला लागली.

परभणीला राहणाऱ्या मामेभावाला चार दिवसांपूर्वी नवे बिल्ड पाठवले होते. त्याने आज फोनवर सांगितले, “ताई, मी वाढलो की लांडगा बी वाढायलाय, मग वाढून काय उपेग?” मी त्याला समजावले की शत्रू खेळाडूच्या लेव्हलप्रमाणेच वाढतात, म्हणजे लढत नेहमी बरोबरीची राहते. त्यावर तो म्हणाला, “बरोबरीची कुठं? चौथ्या लेव्हलला मी त्याला मारत होतो, आठव्याला तो मला मारायलाय.” स्प्रेडशीटप्रमाणे असे घडायलाच नको होते. त्याने सेव्ह केलेली फाइल मागवून घेतली आहे.

5 जून

फाइल आली आणि मामेभावाचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. दोन दिवस त्याच एका लांडग्याचा हिशेब मांडत बसले होते, तो इथे पूर्ण लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे राहणार आहेत.

सध्या घावाचे सूत्र साध्या वजाबाकीचे आहे. मारणाऱ्याच्या हल्ल्यातून मार खाणाऱ्याचा बचाव वजा करायचा, जे उरेल तेवढा जीव कमी होतो. L म्हणजे लेव्हल धरली, तर दोघांचे आकडे असे आहेत:

```
खेळाडू: हल्ला = 10 + 2L + शस्त्र
        बचाव = 4 + L + चिलखत
        जीव  = 40 + 8L
लांडगा: हल्ला = 8 + 3L
        बचाव = 2 + 2L
        जीव  = 30 + 10L
```

चौथ्या लेव्हलला मामेभावाकडे कोयता होता, ज्याचे शस्त्रमूल्य 6 आहे, आणि कातड्याचे चिलखत होते, ज्याचे मूल्य 2 आहे. त्याचा हल्ला 24 आणि लांडग्याचा बचाव 10, म्हणून प्रत्येक घाव 14 चा, आणि 70 जीव असलेला लांडगा पाच वारांत पडतो. लांडग्याचा घाव 10 चा बसतो आणि खेळाडूचा जीव 72 असतो, म्हणजे लांडग्याला आठ वार लागतात. ही लढत मी “5 विरुद्ध 8” अशी लिहिते. पहिला आकडा आपल्याला लागणाऱ्या वारांचा आणि दुसरा शत्रूला लागणाऱ्या वारांचा.

आठव्या लेव्हलला पोहोचेपर्यंत त्याने नवे शस्त्र घेतलेच नव्हते. हल्ला 32 झाला, पण लांडगाही आठव्या लेव्हलचा झाल्याने त्याचा बचाव 18 झाला. घाव पुन्हा 14 चाच राहिला आणि लांडग्याचा जीव मात्र 110 वर गेला, म्हणून आठ वार. उलट बाजूने लांडग्याचा हल्ला 32 आणि खेळाडूचा बचाव 14, म्हणजे घाव 18 चा, आणि 104 जीव सहा वारांत संपतो. लढत “8 विरुद्ध 6” झाली. लेव्हल दुप्पट करून खेळाडू त्याच लांडग्याकडून हरतो.

माझ्या स्प्रेडशीटमध्ये हे दिसत नव्हते, त्याचे कारण उघड आहे. मी प्रत्येक लेव्हलला शस्त्र 2 ने आणि चिलखत 1 ने वाढेल असे गृहीत धरून रकाने भरले होते. त्या हिशेबाने आठव्या लेव्हलला शस्त्र 14 आणि चिलखत 6 असते, आणि लढत पुन्हा नेमकी “5 विरुद्ध 8” येते. सहाव्या लेव्हलला हिशेब केला तरी तेच उत्तर येते. कागदावर समतोल इतका नीट बसलेला होता की तो कोणत्या गृहीतकावर टेकला आहे, हे मी विसरले होते. शत्रू खेळाडूच्या लेव्हलकडे पाहून वाढतो, पण खेळाडूचे बळ लेव्हल, शस्त्र आणि चिलखत या तिन्हींतून येते. लेव्हल म्हणजेच बळ, असे मानणे ही मूळ चूक आहे.

7 जून

मामेभावाच्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. आमच्या खेळात एक्सपी पुरेसा जमला तरी लेव्हल आपोआप वाढत नाही. धर्मशाळेत मुक्काम करून वाढ स्वीकारावी लागते. त्याने आठव्या लेव्हलनंतर सात मुक्काम केले आणि एकदाही वाढ स्वीकारली नाही, जरी त्याच्याकडे दोन लेव्हलचा एक्सपी पडून होता.

हे वर्तन नवे नाही. 2006 साली आलेल्या ‘ऑब्लिव्हियन’ या भूमिकाखेळातही पलंगावर झोपल्यावरच लेव्हल वाढत असे आणि बहुतेक शत्रू खेळाडूबरोबर वाढत. वाढ चुकीच्या गुणांत गेली तर शत्रू वरचढ होतात हे कळल्यावर कित्येक खेळाडू मुद्दाम झोपणे टाळत. त्याच खेळात पुढच्या लेव्हलना रस्त्यावरचे साधे लुटारूही काचचिलखतासारखे भारी चिलखत घालून समोर येत, कारण त्यांची सामग्रीही खेळाडूच्या लेव्हलवरून ठरत होती. खेळाडू वाढ नाकारू लागला की समतोल बिघडल्याचे याहून स्पष्ट लक्षण दुसरे नाही, आणि ते मोजताही येते. म्हणून आजपासून नोंदवहीत एक नवा आकडा लिहिला जाईल: न स्वीकारलेल्या एक्सपीसह झालेले मुक्काम.

12 जून

पहिला बदल घावाच्या सूत्रात केला. वजाबाकीचे सूत्र समजायला सोपे असते, पण दोन मोठ्या आकड्यांतून लहान फरक उरतो आणि त्या फरकावर शस्त्राचा परिणाम अवाजवी मोठा होतो. आठव्या लेव्हलला शस्त्र 6 वरून 14 वर नेले, तर हल्ला 32 चा 40 होतो, म्हणजे एक चतुर्थांश वाढतो. पण घाव 14 चा 22 होतो, म्हणजे निम्म्याहून अधिक वाढतो. ज्याने शस्त्र घेतले नाही त्याला याची शिक्षा त्याच प्रमाणात भोगावी लागते.

आता सूत्र गुणोत्तराचे केले आहे. हल्ल्याचा वर्ग करायचा आणि त्याला हल्ला व बचाव यांच्या बेरजेने भागायचे. यात बचाव कितीही वाढला तरी घाव शून्य होत नाही आणि शस्त्रातला फरक माफक राहतो. त्याच दोन शस्त्रांनी घाव आता साधारण 20 आणि 28 येतो.

13 जून

कालचा बदल बिल्डमध्ये गेला आणि लगेच एक विसंगती दिसली. नव्या शस्त्राने आठव्या लेव्हलचा लांडगा चार वारांत पडायला हवा होता, पण प्रत्यक्षात पाच लागत होते. चौथ्या वारानंतर त्याच्या पट्टीत जीवाची एक बारीक लाल रेघ उरत होती, आणि ती पाहून मला आधी वाटले की दोष पट्टी रंगवण्यात आहे. आकडा छापून पाहिला तेव्हा लांडग्याचा जीव खरोखरच 2 उरलेला होता.

घाव 27.586 यायला हवा, तो 27 येत होता. चार वेळा 27 म्हणजे 108, आणि लांडग्याचा जीव 110. सहकाऱ्याने आधी पूर्णांकात बदलण्याऐवजी `roundi` वापरून पाहिले, तरी काहीच फरक पडला नाही. आमचा खेळ ज्या गोदो इंजिनावर चालतो, त्यात दोन पूर्णांकांचा भागाकार केला की अपूर्णांक तिथल्या तिथे गळून पडतो. बाहेरून गोलाई करेपर्यंत गोलाई करण्यासारखे काही उरलेलेच नसते. संपादक त्याबद्दल पिवळी सूचना देत होता, पण अशा सूचनांची आम्हाला सवय झाली होती. दुरुस्ती एका शब्दाची:

```
var dmg := roundi(float(atk * atk) / (atk + df))
```

अर्ध्या घावाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण वारांची संख्या नेहमी पूर्ण असते, म्हणून काठावरच्या लढतीत तो अर्धा घाव पूर्ण एक वार वाढवतो, आणि त्या एका वारात शत्रूला आणखी एक घाव घालण्याची संधी मिळते. यापुढे कोणताही समतोल तपासताना घावाचा आकडा न पाहता वारांचा आकडा पाहायचा, असे आम्ही ठरवले आहे. खेळाडूला घाव 27 चा होता की 28 चा हे जाणवत नाही. लांडगा चौथ्या वाराला पडला की पाचव्या, हे मात्र नक्की जाणवते.

19 जून

नव्या सूत्राने लढती पुन्हा मांडल्या. चौथ्या लेव्हलला कोयत्याने “5 विरुद्ध 6”. आठव्या लेव्हलला नव्या सामग्रीने “4 विरुद्ध 6”, आणि जुन्या कोयत्याने “6 विरुद्ध 5”. दरी पुष्कळ कमी झाली, हे खरे; पण जुना कोयता घेऊन आठव्या लेव्हलला आलेला खेळाडू अजूनही हरतोच. सूत्र बदलून रोग सौम्य होतो, बरा होत नाही, कारण लांडगा अजून खेळाडूच्या मागोमाग वाढतोच आहे.

म्हणून आज मुळालाच हात घातला. शत्रूचे बळ आता खेळाडूवरून ठरणार नाही, जागेवरून ठरेल. प्रत्येक प्रदेशाला एक किमान आणि एक कमाल लेव्हल दिली आहे: गोदाकाठ 1 ते 3, माळरान 3 ते 5, औसा आणि परांडा 5 ते 9, देवगिरी 9 ते 12. या पट्ट्याच्या आत शत्रू खेळाडूबरोबर वाढतो, पट्ट्याबाहेर जात नाही.

```
var enemy_level := clampi(player_level, region_min, region_max)
```

पट्टा अगदी काढून टाकून प्रत्येक शत्रूला एकच लेव्हल द्यावी, असा सहकाऱ्याचा आग्रह होता आणि त्याच्या बाजूनेही बरेच बोलता येईल. तरीही मी पट्ट्यातली थोडी हालचाल राखली, कारण गोदाकाठावरून लवकर निघालेला तिसऱ्या लेव्हलचा खेळाडू आणि तिथली सगळी कामे आटोपून आलेला पाचव्या लेव्हलचा खेळाडू, दोघांनाही माळरानाची पहिली रात्र थोडी धाकाची वाटली पाहिजे. धाक वाटण्यापुरते शत्रूने पाठलाग करावा. त्यानंतर खेळाडूला पुढे निघून जाऊ द्यावे.

तोच मामेभाऊ, तोच कोयता, आठवी लेव्हल: समोर आता पाचव्या लेव्हलचा लांडगा येतो. खेळाडूचा घाव 23, लांडग्याचा जीव 80, म्हणजे चार वार. लांडग्याचा घाव 14, खेळाडूचा जीव 104, म्हणजे आठ वार. “4 विरुद्ध 8”. ज्या कोयत्याने चौथ्या लेव्हलला पाच वार लागत होते, त्याच कोयत्याने आता चार लागतात आणि अंगावर झेलण्याची ताकदही वाढलेली आहे. एवढे दिसले की वाढ खरी वाटते.

27 जून

चाचणी थांबली आहे. खेळून पाहणाऱ्या सहापैकी चार जण पेरणीसाठी गावी आहेत. तोवर एक्सपीचा तक्ता तपासते.

4 जुलै

एक्सपीच्या तक्त्यातही तशीच चूक सापडली, फक्त ती उशिरा दिसते. पुढच्या लेव्हलसाठी लागणारा एक्सपी मी दर लेव्हलला 1.35 पट केला होता, सुरुवात 100 पासून. शत्रू मारल्यावर मिळणारा एक्सपी मात्र त्याच्या लेव्हलच्या पाचपट होता, म्हणजे सरळ रेषेत वाढणारा. दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले की ठीक वाटतात. एकाला दुसऱ्याने भागून “एका लेव्हलसाठी किती लढती” असे विचारले की भिंत दिसते. आपल्याच लेव्हलचे शत्रू मारत गेले तर चौथ्या लेव्हलला 13 लढती लागतात, आठव्या लेव्हलला 21, बाराव्या लेव्हलला 46 आणि पंधराव्या लेव्हलला 90. पंधराव्या लेव्हलला पोहोचलेला खेळाडू इतका वेळ देऊन कंटाळेल, आणि माझ्याकडे त्या 90 लढतींत दाखवण्याजोगे 90 वेगळे प्रसंगही नाहीत.

घातांकी वक्र वाईट असतो असे मुळीच नाही. बक्षीसही त्याच वेगाने वाढत असेल तर तो उत्तम चालतो, कारण शेवटी खेळाडूला वक्र जाणवत नाही, भागाकार जाणवतो. म्हणून आज काम उलट्या दिशेने केले. आधी किती लढती हव्यात हे ठरवले, मग एक्सपी काढला. मला पहिल्या लेव्हलला सात, चौथ्या लेव्हलला दहा, पंधराव्या लेव्हलला एकवीस लढती हव्या आहेत, म्हणजे लेव्हल अधिक सहा. एका लढतीला लेव्हलच्या पाचपट एक्सपी. दोघांचा गुणाकार केला की तक्ता तयार:

```
लागणारा एक्सपी = 5 × L × (L + 6)
```

चौथ्या लेव्हलला 200, आठव्या लेव्हलला 560, बाराव्या लेव्हलला 1080, पंधराव्या लेव्हलला 1575. जुन्या तक्त्यात पंधराव्या लेव्हलला 6678 होते.

11 जुलै

जागेवरून बळ ठरवल्याचा एक परिणाम अपेक्षित होता आणि तो आज हिशेबात पकडला. माळरानावरचा लांडगा पाचव्या लेव्हलपुढे जात नाही, तर बाराव्या लेव्हलचा खेळाडू देवगिरीचा धोका टाळून परत माळरानावर येऊन लांडगेच मारत बसेल का? लढती मोजल्या तर हा मार्ग तोट्याचा वाटतो: देवगिरीत 18 लढतींचे काम माळरानावर 44 लढतींना होते. पण वार मोजले तर चित्र पालटते. योग्य सामग्री असलेला बाराव्या लेव्हलचा खेळाडू लांडगा दोन वारांत पाडतो, म्हणजे एकूण 88 वार, आणि देवगिरीतल्या तोडीच्या शत्रूला चार वार लागतात, म्हणजे 72. जिवाला काहीच धोका नसताना काम जेमतेम सोळा वारांनी वाढत असेल, तर शहाणा माणूस माळरानच निवडेल. त्याला दोष देता येणार नाही. तो मार्ग आम्हीच खुला ठेवला आहे.

म्हणून शत्रू दोनपेक्षा अधिक लेव्हलने खाली असेल, तर त्यापुढच्या प्रत्येक लेव्हलमागे 15 टक्के एक्सपी कापायचा, मात्र दहा टक्क्यांखाली जाऊ द्यायचा नाही. लांडग्याचे 25 आता बाराव्या लेव्हलच्या खेळाडूला 6 मिळतात आणि तेच काम 180 लढतींवर जाते. ही पद्धत जुनी आहे. पोकेमॉनच्या 2010 सालच्या पाचव्या पिढीतही मिळणारा अनुभव दोघांच्या लेव्हलमधल्या अंतरावरून बदलत असे.

उपकथांच्या एक्सपीला मात्र ही कात्री लावली नाही. विहिरीतला दोर शोधून देणे, धनगराची हरवलेली मेंढरे परत आणणे, अशी माळरानावरची सगळी कामे मिळून 400 एक्सपी देतात. चौथ्या लेव्हलला ती सगळी केली तर खेळाडू जवळजवळ पावणेदोन लेव्हल पुढे जातो, आणि सहकाऱ्याला हीच भीती होती. पण तेच 400 दहाव्या लेव्हलला अर्धीच लेव्हल ठरतात, कारण तिथे एका लेव्हलला 800 लागतात. वाढत्या किमतीचा तक्ता सुरुवातीची आघाडी आपोआप पचवतो. ज्याने गावकऱ्यांची कामे केली त्याला माळरानावर त्याचे फळ भरघोस मिळावे आणि देवगिरीपर्यंत ते विरून जावे, हे मला न्याय्य वाटते.

22 जुलै

देवगिरीच्या अंधेरीचा विचार करत आठवडा गेला. खंदक ओलांडल्यावर कातळात खोदलेला तो वळणावळणाचा काळोखा मार्ग हीच वर जाण्याची वाट आहे, आणि आमच्या खेळातही तिथे दुसरा रस्ता ठेवलेला नाही. तिथला पहारेकरी ओलांडता आला नाही तर खेळच थांबतो. म्हणून हा शत्रू पट्ट्यातही बसवला नाही. तो कायम दहाव्या लेव्हलचा राहील, जीव दुप्पट, म्हणजे 260.

इतक्या लांब लढतीत नुसते वार मोजून चालत नाही, कारण खेळाडू मध्येच काढा पितो. एक बाटली निम्मा जीव भरून काढते, पण ती पिताना खेळाडूची पाळी जाते आणि पहारेकरी तेवढ्यात घाव घालतो. त्यामुळे इथे माप बदलले: जिंकायला किती बाटल्या लागतात?

नवव्या लेव्हलला योग्य सामग्रीने खेळाडूला नऊ वार लागतात. पहारेकऱ्याचा प्रत्येक घाव 25 चा, खेळाडूचा जीव 112. दोन बाटल्या घेतल्या तर पहारेकरी शेवटच्या वाराआधी दहा घाव घालतो, म्हणजे 250, आणि खेळाडूकडे एकूण जीव 224 च असतो. तीन घेतल्या तर अकरा घाव, म्हणजे 275, आणि एकूण जीव 280. पाच जीव राखून खेळाडू जिंकतो. मला नेमकी अशीच लढत हवी होती.

कोयताच घेऊन नवव्या लेव्हलला आलेल्या खेळाडूला आठ बाटल्या लागतात, आणि झोळीत पाचच मावतात. दहाव्या लेव्हलला सहा, म्हणजे अजूनही नाही. अकराव्या लेव्हलला चार, म्हणजे होते. नवव्या लेव्हलवरून अकराव्या लेव्हलवर जायला 1475 एक्सपी लागतो, तोडीच्या 31 लढती. तेव्हा दोन वाटा आहेत: लोहाराकडून भाला घ्या, किंवा आणखी 31 लढती लढा. दोन्हींची किंमत आधी कळते आणि दोन्हींनी दार उघडते. पहारेकरी खेळाडूबरोबर वाढत असता, तर दुसरी वाट मुळात असलीच नसती.

6 ऑगस्ट

पेरणीनंतर चाचणी पुन्हा सुरू झाली आणि सहापैकी पाच जण अंधेरीपर्यंत पोहोचले. तिघे पहिल्याच प्रयत्नात किंवा दुसऱ्यात जिंकले. लातूरला वसतिगृहात राहणारी एक विद्यार्थिनी चार वेळा हरली आणि तिने खेळ बंद केला नाही. परत औशाला जाऊन दोन लेव्हल वाढवून आली आणि जिंकली. तिला फोन केला तेव्हा तिने तक्रार केली ती वेगळ्याच गोष्टीची: “हरल्यावर मला कळायलाच हवं ना, की माझं शस्त्र कमी पडतंय की लेव्हल?” तिचे म्हणणे रास्त आहे. हिशेब आम्हाला माहीत होता, तिला नव्हता. आता हरल्यानंतरच्या पडद्यावर दोन ओळी येतील: आपला घाव किती बसला आणि पहारेकऱ्याचा किती. बाकी ती स्वतः समजून घेईल.

पाचवा खेळाडू अजून अडकला आहे. त्याने सगळे पैसे चिलखतावर खर्च केले, शस्त्र तेच ठेवले. त्याच्याही आकड्यांनी बाटल्यांचा हिशेब मांडायचा आहे. मी आतापर्यंत शस्त्र आणि चिलखत नेहमी जोडीनेच वाढवून पाहिले होते.

18 ऑगस्ट

पोळा तोंडावर आल्याने मामेभाऊ परत गावी गेला आहे, पण जाण्यापूर्वी त्याने फाइल पाठवली. न स्वीकारलेल्या एक्सपीसह झालेले मुक्काम: शून्य. लेव्हल दहा. त्याच्या फाइलमध्ये मला न उलगडलेली एक नोंद होती. देवगिरीच्या वाटेवर असताना तो मध्येच मागे वळून माळरानावर आला, एकच लांडगा मारला, चौदा एक्सपी मिळाले आणि तो परत गेला. विचारल्यावर म्हणाला, “त्यानं मला लई पळवलं होतं, ताई. बघायचं होतं आता किती वारात पडतो ते.” तीन वारांत पडला होता.

चिलखतवाल्या खेळाडूचा हिशेब उद्या घेते.